पाकीट चोरीला गेलं, हे फ्रेंचमध्ये कसं सांगाल?

माझी एक जुनी विद्यार्थिनी शिकायला पॅरिसला गेली. महिन्याभरातच तिचा रात्री फोन आला. "सर, मेट्रोत माझं पाकीट चोरीला गेलं. पोलीस चौकीत तक्रार द्यायला गेले, तर माझं पहिलंच वाक्य त्या बाईंना कळेना." मी विचारलं, काय म्हणालीस? तिनं सांगितलं, "झे एते व्होले मों पोर्तफय."

यातला एकेक शब्द बरोबर आहे. 'झे एते' म्हणजे इंग्रजीतलं 'आय वॉज', 'व्होले' म्हणजे चोरलेलं, 'मों पोर्तफय' म्हणजे माझं पाकीट. तरी वाक्य म्हणून ते उभं राहत नाही. त्यातून साधारण 'मी माझं पाकीट चोरली गेले' असं काहीतरी निघतं. पोलीसबाईंनी दोनदा विचारलं, मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी संगणकावर स्वतःच्या शब्दांत वाक्य टाइप केलं.

फ्रेंच शब्द मी इथे देवनागरीत कानाला ऐकू येतात तसे लिहितो आहे. फ्रेंच अनुनासिकं देवनागरीत नीट मावत नाहीत, तेव्हा उच्चार अंदाजाचेच समजावेत.

ती चूक माझ्या चांगलीच ओळखीची आहे, कारण दरवर्षी वर्गात ती मला भेटते. आमची मुलं फ्रेंच शिकतात ती बहुतेक इंग्रजीच्या दारातून. इंग्रजीच्या तासाला त्यांनी 'अॅक्टिव्हचं पॅसिव्ह करा' या प्रश्नाची इतकी उत्तरं लिहिलेली असतात की कर्ता सांगायचा नसला की हात आपोआप पॅसिव्हकडे जातो. फ्रेंचमध्येही पॅसिव्ह आहेच. पण कर्ता लपवायला फ्रेंच माणसाकडे आणखी दोन-तीन पडदे असतात. बोलताना तो बहुतेक वेळा त्यांतलाच एखादा ओढतो, आणि कोणता ओढला यावर अर्थ बदलतो. गंमत म्हणजे हे पडदे इंग्रजीपेक्षा मराठीतल्या पडद्यांशी जास्त जुळतात.

आधी पॅसिव्हच घेऊ. फ्रेंच पॅसिव्हची बांधणी सोपी आहे. 'असणे' या अर्थाचं क्रियापद 'एत्र' घ्यायचं, त्यापुढे मुख्य क्रियापदाचं भूतकाळी धातुसाधित ठेवायचं, आणि कर्ता सांगायचाच असेल तर त्याच्या आधी 'पार' लावायचं. काच फोडली गेली: 'ला व्हीत्र आ एते कासे'. धातुसाधिताचं लिंग आणि वचन नव्या कर्त्याप्रमाणे बदलतं. पुष्कळदा हा बदल फक्त लिहिताना दिसतो, कधी कधी ऐकूही येतो. दुकान उघडलं गेलं, तर 'ऊव्हेर'. दार फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून ते उघडलं गेलं, तर 'ऊव्हेर्त'. 'दुकान उघडलं गेलं, खिडकी उघडली गेली' असं बोलणाऱ्या मराठी मुलांना यात काहीच नवीन वाटत नाही. इंग्रज विद्यार्थी मात्र इथे वर्षभर अडखळतो.

इथेच एक घोटाळा टाळून पुढे जाऊ. शाळेतल्या व्याकरणात 'रामाने आंबा खाल्ला' हे वाक्य कर्मणी प्रयोगाचं असतं, म्हणून काही मुलं त्याला पॅसिव्ह समजतात आणि 'ने' दिसला की 'पार' लावतात. मराठी कर्मणीत क्रियापद कर्माप्रमाणे चालतं हे खरं, पण वाक्याचा धनी रामच असतो. ते फ्रेंचमध्ये सरळ कर्तरी वाक्यानंच सांगायचं. फ्रेंच पॅसिव्हचा खरा भाऊ म्हणजे आपल्या व्याकरणकारांनी 'नवीन कर्मणी' म्हटलेला प्रयोग, 'रामाकडून आंबा खाल्ला गेला' असा. आता घरात कुणी असं बोलतं का, ते तुम्हीच सांगा.

फ्रेंच पॅसिव्हची एक अट फार कडक आहे, आणि माझी विद्यार्थिनी त्याच अटीवर अडली. पॅसिव्ह वाक्यात कर्त्याच्या जागी फक्त थेट कर्मच येऊ शकतं. ज्याला दिलं, ज्याला सांगितलं, ज्याच्याकडून घेतलं, तो माणूस त्या जागी येऊ शकत नाही. इंग्रजीत 'मला पुस्तक देण्यात आलं' हे सांगताना 'मी' खुशाल कर्ता होऊन बसतो. फ्रेंचमध्ये तसं केलं तर 'मी पुस्तक दिला गेलो' असं होतं, म्हणजे मलाच कुणीतरी देऊन टाकलं. 'आज्ञा पाळणे' आणि 'क्षमा करणे' या अर्थांची एक-दोन क्रियापदं याला अपवाद आहेत. ती फार पूर्वी थेट कर्म घेत असत, त्याची ही उरलेली खूण. बाकी क्रियापदांना सवलत नाही.

चोरण्याच्या क्रियापदात तर दुहेरी सापळा आहे. 'व्होले'चं थेट कर्म वस्तू असू शकतं किंवा माणूस असू शकतो. माणूस असला की अर्थ होतो लुटणे, फसवणे. म्हणून 'झे एते व्होले' एवढंच म्हटलं, तर वाक्य अगदी बरोबर: मला लुटलं. दुकानदारानं जास्त पैसे घेतले तरी हेच म्हणता येतं. पण त्यापुढे पाकीट जोडलं की एका पॅसिव्हमध्ये दोन कर्मं कोंबली जातात आणि वाक्य मोडतं.

मग तिनं काय म्हणायला हवं होतं? सर्वांत साधं वाक्य: 'ओं मा व्होले मों पोर्तफय'. यातला पहिला शब्द 'ओं' म्हणजे कुणीतरी. 'कुणीतरी माझं पाकीट चोरलं.' 'मला' आणि 'माझं पाकीट' दोन्ही आपापल्या जागी राहिले, कुणालाही उठून कर्त्याच्या खुर्चीत जावं लागलं नाही, आणि त्या खुर्चीत 'ओं' बसला.

हा 'ओं' फ्रेंचमधला फार कामाचा आणि बऱ्यापैकी लबाड शब्द आहे. तो आला लॅटिनमधल्या 'होमो'पासून, म्हणजे माणूस. 'माणूस' या अर्थाचा आजचा फ्रेंच शब्द 'ऑम' हाही त्याच मुळापासून निघालेला, फक्त वेगळ्या विभक्तीतून. इसवी सन ८४२ मध्ये स्ट्रासबुर्ग इथे शार्लमेनच्या दोन नातवांनी तिसऱ्या भावाविरुद्ध एकमेकांना साथ द्यायच्या शपथा घेतल्या. त्यांतली एक शपथ त्या वेळच्या जुन्या फ्रेंचमध्ये नोंदलेली आहे, आणि फ्रेंच भाषेचा सर्वांत जुना नमुना म्हणून ती ओळखली जाते. त्या शपथेत 'ओं'चा पूर्वज 'ओम' या रूपात हजर आहे. (आपल्या ओमशी त्याचा काही संबंध नाही.) तिथे त्याचा अर्थ आहे 'माणसानं आपल्या भावाशी जसं वागावं तसं'. मराठीतही आपण 'माणसानं वेळेवर जेवावं' असं म्हणतो. तो माणूस म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हे, तो सगळेच. फ्रेंचमध्ये तोच माणूस झिजून सर्वनाम झाला. लिखित फ्रेंचमध्ये त्याच्याआधी कधी कधी एक 'ल' येतो आणि 'लों' होतो. तो 'ल' म्हणजे या नामाला पूर्वी लागणाऱ्या उपपदाचा अवशेष आहे.

मूळ माणूस असल्यामुळे 'ओं' फक्त माणसांसाठीच चालतो. 'ओं-ना कासे ला व्हीत्र' म्हणजे कुणीतरी काच फोडली. हे वाक्य ऐकताच फ्रेंच माणूस गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांसारख्या कुणाला तरी शोधू लागेल. काच वाऱ्यानं फुटली असेल तर हे वाक्य चालणार नाही. पॅसिव्ह चालेल, कारण 'ला व्हीत्र आ एते कासे' या वाक्याला गारांनीही फोडलेली चालते आणि दगडानंही. इमारतीच्या सोसायटीत नुकसान कुणामुळे झालं यावर वाद असेल, तर या दोन वाक्यांतला फरक किरकोळ राहत नाही.

'ओं'ची दुसरी लबाडी अशी की त्यात बोलणारा धरलेला आहे की नाही, हे तो सांगत नाही. 'ओं मा व्होले' मधला 'ओं' म्हणजे चोर, त्यात मी नाही. रोजच्या बोलण्यात मात्र 'आम्ही' किंवा 'आपण'च्या जागी हाच 'ओं' येतो. 'ओं-नी व्हा' म्हणजे चला, निघू या. 'आम्ही' या अर्थाचं खरं सर्वनाम 'नू' आहे. पॅरिसच्या रस्त्यावर ते तितकंसं ऐकू येत नाही, भाषणात आणि कागदावर भेटतं. वॉर्डात राउंडला आलेला फ्रेंच डॉक्टर रुग्णाला 'ओं' वापरून विचारतो, 'मग, झोप छान झाली ना?' तेव्हा 'ओं' म्हणजे समोरचा रुग्ण. आपल्याकडे डॉक्टर 'आज आपण गोळी घेतली का?' म्हणतात, तो 'आपण' अगदी याच जातीचा. गोळी डॉक्टरांना घ्यायची नसते. शाळेतल्या फ्रेंच मास्तरांची एक जुनी म्हण आहे की 'ओं' बोलणाऱ्याला वगळतो. बोलणाऱ्या लोकांनी ती कधीच मनावर घेतली नाही.

'ओं'पासून दोन नामंही तयार झाली आहेत आणि ती मला फार आवडतात. 'ओं-दी', म्हणजे शब्दशः 'म्हणतात', याचा अर्थ अफवा. आणि 'काँ-दीरा-तों' म्हणजे शब्दशः 'त्याबद्दल लोक काय म्हणतील?' हा अख्खा प्रश्नच फ्रेंचमध्ये एक पुल्लिंगी नाम आहे. 'तो काँ-दीरा-तोंला घाबरतो' असं वाक्य फ्रेंचमध्ये सहज बोलतात. मराठी घरात वाढलेल्या कुणाला याचं भाषांतर समजावून द्यावं लागत नाही.

मराठीत 'ओं'साठी वेगळा शब्द नाही, कारण त्याची गरज पडत नाही. आपण कर्ता गाळतो आणि क्रियापद अनेकवचनी ठेवतो. 'इथे मराठी बोलतात', 'असं म्हणतात', 'कोकणात नारळाला पूजेत मान देतात'. कोण बोलतात, कोण म्हणतात, हे विचारायचं नाही. फ्रेंच दुकानाच्या काचेवरची पाटी 'ईसी ओं पार्ल फ्राँसे' हीच गोष्ट सांगते: इथे फ्रेंच बोलतात. इंग्रज दुकानदार याच पाटीला पॅसिव्ह करतो. म्हणून माझा विद्यार्थ्यांना साधा सल्ला असतो. कर्ता नसलेलं वाक्य फ्रेंचमध्ये न्यायचं असेल, तर आधी ते मराठीत म्हणून पाहा. मराठीत ते 'म्हणतात, खातात, बोलतात' असं आलं, तर फ्रेंचमध्ये 'ओं' आणि पुढच्या परिच्छेदातला 'स' यांतलं एक बहुतेक लागेल.

हा 'स' म्हणजे स्वतःला. 'ले झाँफाँ स लाव्ह', मुलं स्वतःला धुतात, म्हणजे अंघोळ करतात. शर्टाच्या आतल्या लेबलाबद्दल बोलताना मात्र 'से शमीझ स लाव्ह आ त्राँत दग्रे' म्हणतात: हे शर्ट ३० अंशांच्या पाण्यात धुतात. शर्ट स्वतःला धूत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून वाक्य आपोआप पॅसिव्हच्या अर्थाकडे वळतं. कर्ता माणूस असला की गोंधळ व्हायचा धोका राहतो. म्हणून 'स'चा हा पडदा मुख्यतः निर्जीव वस्तूंसाठी आणि तृतीय पुरुषासाठी वापरतात.

पॅसिव्हमध्ये कर्ता पडद्याआड उभा असतो आणि 'पार' म्हणून हाक मारली की बाहेर येतो. 'ओं'मध्ये तो चेहरा झाकून मंचावरच असतो. 'स'मध्ये तो नाटकातच नसतो. आजच्या फ्रेंचमध्ये 'स'च्या वाक्याला 'पार' जोडता येत नाही, 'हे शर्ट माझ्या आईकडून धुतात' असं म्हणता येत नाही. सतराव्या शतकातले लेखक अधूनमधून तसं लिहीत, पण ती वाट बंद झाली. कर्ता नाही म्हणून मग हे वाक्य एखाद्या घटनेपेक्षा त्या वस्तूचा स्वभाव किंवा रीत सांगतं. पांढरी वाइन थंड पितात: 'ल व्हँ ब्लाँ स ब्वा फ्रे'. हे कसं लिहितात? 'कॉमाँ सा सेक्री?' असं करत नाहीत: 'सा न स फे पा'. हे शेवटचं वाक्य फ्रेंच आई मुलाला दिवसातून किती वेळा म्हणत असेल याची गणती नको. त्यात कुणाचंही नाव नसल्यामुळे वादही घालता येत नाही. आई मनाई करत नाही, जगाची रीतच तशी आहे!

म्हणींमध्ये हा 'स' किती मुरलेला आहे ते पाहण्यासारखं आहे. रोम एका दिवसात बांधलं गेलं नाही, ही म्हण इंग्रजीत पॅसिव्ह आहे. फ्रेंचमध्ये ती 'रोम न से पा फेत आँ नँ झूर', रोम एका दिवसात 'झालं' नाही. सूड हा थंड खायचा पदार्थ आहे, ही म्हण 'ला व्हाँझाँस ए तँ प्ला की स माँझ फ्र्वा'. इंग्रजी तो पदार्थ थंड 'वाढवते', फ्रेंच तो थंड 'खाते'. अंडी फोडल्याशिवाय आम्लेट होत नाही, ही मात्र 'ओं'नं सुरू होते, 'ओं न फे पा दॉम्लेत साँ कासे दे झ', कारण तिथे अंडी फोडणारा हात डोळ्यांसमोर असावा लागतो. तीन म्हणी, आणि तिन्हींमध्ये पॅसिव्हचा पत्ता नाही.

'स'ला मराठीत एकच एक जोडीदार नाही, कारण आपण हे काम वेगळ्या क्रियापदांनी करतो. विकणे आणि खपणे. पाहणे आणि दिसणे. फोडणे आणि फुटणे. तोडणे आणि तुटणे. फ्रेंचमध्ये प्रत्येक जोडीतलं दुसरं क्रियापद पहिल्याला 'स' लावून होतं. 'स लीव्र स व्हाँ ब्यँ', हे पुस्तक चांगलं खपतं. 'ला व्हीत्र से कासे', काच फुटली. आता काचेच्या तिन्ही वाक्यांकडे पुन्हा पाहा. 'आ एते कासे' म्हणजे फोडली गेली, 'ओं-ना कासे' म्हणजे कुणीतरी फोडली, आणि 'से कासे' म्हणजे फुटली. घरात कप पडला की मराठी मूल 'आई, कप फुटला' म्हणतं, 'मी फोडला' म्हणत नाही. फ्रेंच मूलही 'स'च धरतं.

'स'ची हद्द कुठे संपते ते पाकिटाच्याच उदाहरणावर दिसतं. 'मेट्रोत पाकिटं सहज मारतात' ही सर्वसाधारण गोष्ट 'स'नं सांगता येते: 'ले पोर्तफय स व्होल फासीलमाँ दाँ ल मेत्रो'. पण काल, अमुक स्टेशनवर, माझं पाकीट, ही एक घटना झाली. तिला 'स' लावला तर पाकिटानं स्वतःलाच चोरलं असं होईल. चोरी आपोआप होत नाही, काच मात्र आपोआप फुटल्यासारखी दिसू शकते. रीत सांगायची की घटना, आणि घटना असेल तर ती कर्त्यावाचून घडू शकते का, एवढे दोन प्रश्न विचारले की 'स'च्या बहुतेक चुका टळतात.

पाकिटासाठी तिसरं वाक्यही आहे आणि तरुण फ्रेंच मंडळींच्या तोंडी तेच सर्वांत जास्त येतं: 'झ म स्वी फे व्होले मों पोर्तफय'. शब्दशः 'मी माझं पाकीट चोरून घेतलं'. 'स फेर' म्हणजे करवून घेणे. केस कापून घेणे, ऑपरेशन करून घेणे, यांसाठी हीच रचना आहे. पण तीच रचना अंगावर ओढवलेल्या गोष्टींनाही लागते: गाडीखाली येणे, नोकरीवरून काढलं जाणे, ओरडा खाणे, फसणे. मराठीतलं 'ओरडा खाल्ला', 'मार खाल्ला' यातलं खाणं आठवा, तिथेही भोगणाराच कर्ता असतो. या रचनेचा मोठा फायदा म्हणजे पॅसिव्हची ती कडक अट इथे लागू होत नाही. ज्याचं पाकीट गेलं तो माणूस इथे कर्त्याच्या जागी बसतो. पोलीस चौकीत माझी विद्यार्थिनी नेमकं हेच करायला धडपडत होती. याच कुळातली पण कागदी भाषेतली रचना म्हणजे 'स व्ह्वार', स्वतःला पाहणे: 'झ म स्वी व्ह्यू रफ्यूझे ल व्हिझा', मला व्हिसा नाकारण्यात आला.

'स फेर'चा दोषही करवून घेण्यातच आहे. त्यात कर्त्याचा थोडा हात असल्याची सावली पडू शकते. पाकिटाच्या बाबतीत तुमचा निष्काळजीपणा सूचित झाला तर फार बिघडत नाही. 'तिनं आमंत्रण मिळवलं' की 'तिला आमंत्रण मिळालं', यातही संदिग्धता चालून जाते. पण बलात्काराच्या बातमीत ही रचना वापरण्यावर फ्रान्समध्ये जोरदार आक्षेप घेतले गेले आहेत. पीडितेचाच त्यात काही वाटा आहे असं व्याकरणानं सुचवू नये, तिथे साधा पॅसिव्हच लिहावा, असं आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं आहे. मला ते पटतं. मी वर्गात तसंच शिकवतो.

म्हणजे पॅसिव्ह टाकाऊ नाही. 'फ्रेंच लोक पॅसिव्ह टाळतात' असं अनेक पाठ्यपुस्तकं एका ओळीत सांगून मोकळी होतात, आणि मग मुलं सकाळचं फ्रेंच वर्तमानपत्र उघडून गोंधळतात, कारण तिथे पॅसिव्ह ठासून भरलेला असतो. पोलिसांनी माणूस पकडला की बातमीत 'अँ-नॉम आ एते अँतेर्पेले' येतं. पकडणारे पोलीसच असणार, ते सांगायची गरज नसते, आणि बातमी पकडलेल्या माणसाची असते.

नोत्र-दामच्या आगीची गोष्ट फ्रेंचमध्ये सांगून पाहिली तर प्रत्येक पडद्याची जागा दिसते. १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी पॅरिसच्या या कॅथेड्रलला आग लागली. आगीमुळे इमारतीचं नुकसान झालं, हे 'ला कातेद्राल आ एते आँदॉमाझे पार अँ-नँसाँदी'. इथे पॅसिव्हच हवा, कारण वाक्य कॅथेड्रलबद्दल आहे, कर्ता सांगायचा आहे आणि तो माणूस नाही, आग आहे. 'ओं' लावला तर कुणीतरी मुद्दाम नुकसान केलं असा आरोप होईल. त्याच संध्याकाळी एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूक यांनी उभारलेला मनोरा कोसळला: 'ला फ्लेश से-तेफोंद्रे'. आपलं 'कोसळणे' जसं मुळातच कर्त्याशिवायचं, तसं हे फ्रेंच क्रियापदही 'स' घेऊनच येतं. त्यानंतर मनोरा पुन्हा बांधला, इथे 'ओं-ना रकोंस्त्र्वी ला फ्लेश' असं सहज येतं. सुतार, गवंडी, छप्पर घालणारे, सगळे त्या 'ओं'मध्ये सामावतात. आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल उघडलं: 'ला कातेद्राल आ रूव्हेर'. हे साधं कर्तरी वाक्य आहे, जसं आपण 'शाळा सोमवारी उघडली' म्हणतो. एका इमारतीच्या गोष्टीत चार वाक्यं आणि चार रचना.

पॅसिव्हबद्दल एक सावधगिरी उरते. 'ला पोर्त ए फेर्मे' याचा अर्थ बहुतेक वेळा 'दार बंद आहे' असा होतो, 'दार बंद केलं जातं' असा नाही. फ्रेंच पॅसिव्ह 'असणे' या क्रियापदावर उभा असल्यामुळे स्थिती आणि क्रिया यांचं रूप एकच दिसतं. मराठीत 'आहे' आणि 'जातं' असे दोन शब्द असल्यामुळे आपला हा गोंधळ होत नाही, आणि म्हणूनच फ्रेंच वाचताना होतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: वाक्य 'ओं'नं सुरू करून पाहा. अर्थ टिकवायला 'कुणीतरी दार बंद केलं आहे' असा भूतकाळ घ्यावा लागला, तर ती स्थिती. 'रखवालदार रोज आठ वाजता बंद करतो' असा वर्तमानकाळच चालला, तर तो खरा पॅसिव्ह. कर्ता जोडणारा शब्दही थोडी मदत करतो. क्रिया असेल तर बहुधा 'पार' येतो, स्थिती असेल तर 'द'. बर्फानं झाकलेला डोंगर, झाडांनी वेढलेलं घर, सगळ्यांचा लाडका माणूस, या सगळ्यांना 'द' लागतो.

फ्रान्समध्ये फिरताना मात्र कर्ता नसलेलं जे वाक्य डोळ्यांना सर्वांत जास्त वेळा दिसतं, त्यात यांतलं काहीच नसतं. बाटलीवर 'थंड जागी ठेवणे', डब्यावर 'अमुक तारखेपूर्वी वापरणे', फाटकावर 'भाड्याने देणे आहे', अशा अर्थाच्या पाट्या असतात, आणि आपल्यासारखंच तिथेही मूळ क्रियापदावर भागवतात. जुन्या दगडी भिंतींवर तर क्रियापद चालवलेलंच नसतं. 'देफाँस दाफीशे', जाहिराती लावण्यास मनाई, आणि खाली कायद्याची तारीख: २९ जुलै १८८१. कुणी मनाई केली, कुणाला केली, हे त्या भिंतीवर लिहिलेलं नाही.